रेघ कुठे ओढायची

वीजबिलातला डिमांड चार्ज कमी करायला आमच्या इमारतीत बॅटरी बसवायचं ठरलं तेव्हा माझ्यासमोर पुरवठादाराचा एक पानी प्रस्ताव होता. १०० किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि २०० युनिटची बॅटरी. त्याचा हिशोब साधा होता. वर्षातली सर्वांत मोठी मॅक्सिमम डिमांड ४८६ किलोवॅट, त्यातून १०० वजा करा, उरले ३८६. १०० किलोवॅट दोन तास द्यायचे म्हणून २०० युनिट. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे बरोबर आहे का, ते फक्त सांग." त्या "फक्त"ला माझे अडीच महिने लागले.

डिमांड चार्ज कशावर लागतो हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ नीट भिनला नव्हता. आपण किती युनिट वापरले याच्याशी त्याचा संबंध नाही. मीटर दर पंधरा मिनिटांची सरासरी काढतं आणि महिन्याभरातल्या अशा जवळपास तीन हजार सरासऱ्यांपैकी एकच, सर्वांत मोठी, मॅक्सिमम डिमांड म्हणून बिलावर छापली जाते. उरलेल्यांना काही किंमत नाही. आमच्या करारात आणखी एक कलम होतं: कुठल्याही महिन्याची आकारणी मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च डिमांडच्या ८० टक्क्यांखाली जाणार नाही. म्हणजे उन्हाळ्यातली एक पंधरा मिनिटं पुढचे ११ महिने मागे लागणार. थंडीत आमची डिमांड ३४५ च्या आसपास असायची, पण ४८६ चे ८० टक्के ३८९ होतात, म्हणून बिल ३८९ चं यायचं. चव्वेचाळीस किलोवॅट आम्ही वापरतच नव्हतो, तरी भरत होतो. बॅटरीचा विचार करणाऱ्याने आधी हे कलम वाचावं, असं मला मनापासून वाटतं. ते असेल तर थंडीत कितीही कापा, हातात काही येत नाही. सगळी लढाई गरमीच्या चार-पाच दुपारींची असते.

मी वीज कंपनीकडून वर्षभराच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी मागवल्या. ३५,०४० ओळींची फाइल आली. त्या मोठ्यापासून लहानापर्यंत लावल्या आणि वरच्या पन्नास ओळींच्या तारखा-वेळा पाहिल्या. तिथेच पहिली गोष्ट कळली. वरच्या नऊ नोंदी सगळ्या सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यानच्या होत्या. दुपारच्या नोंदी त्यानंतर सुरू होत होत्या, ४५६ पासून.

आमचे पॅनेल सांभाळणारे काका म्हणाले, "दोन्ही चिलर एकदम लागतात ना, स्टार्टिंग करंट असणार." मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मोटर सुरू होताना जो करंट उसळतो तो काही सेकंदांत बसतो, पंधरा मिनिटांच्या सरासरीत त्याचा मागमूस राहत नाही. खरं कारण वेगळं होतं. रात्रभर बंद राहून इमारत तापलेली असायची आणि टायमर साडेआठला एसीचं पाणी थंड करणारे दोन्ही चिलर एकाच वेळी सुरू करायचा. पाणी थंड होईपर्यंत दोन्ही यंत्रं पूर्ण ताकदीने चालायची. म्हणून अर्धा-पाऊण तास लोड चढलेला राहायचा.

आम्ही पहिला चिलर साडेसातला आणि दुसरा अर्ध्या तासाने लावला. एकाचं पाणी खाली आल्यावरच दुसऱ्याने भार घ्यावा, अशी सेटिंग केली. सकाळची डिमांड ४०५ च्या खाली आली. खर्च शून्य. पुरवठादाराने विकायला काढलेल्या १०० किलोवॅटपैकी ३० किलोवॅट टायमर बदलून मिळाले. कुठल्याही इमारतीत बॅटरी मोजण्याआधी हे करून घ्यायला हवं. नाहीतर जी सुई चिमट्याने निघते तिच्यासाठी आपण मोठं यंत्र घेऊन बसतो, आणि पुढची सगळी आकडेमोड त्या सुईवर उभी राहते.

आता खरा डोंगर उरला तो दुपारचा. वर्षातली सर्वांत वाईट दुपार मी वेगळी काढली. दोन वाजता ४०२, मग हळूहळू चढत अडीचला ४१८, तीनला ४३८, साडेतीनला ४५६. तिथून उतरण: चारला ४४४, साडेचारला ४२१, पाचला ४०४. उंच सुळका नाही, रुंद पाठीची टेकडी. बॅटरी मोजण्यात खरी मेख या आकारात असते.

एक्सेलमध्ये एका खान्यात रेघ लिहिली, म्हणजे डिमांड जिथे अडवायची तो आकडा. प्रत्येक नोंदीपुढे त्या रेघेवर किती युनिट उरतात ते काढलं:

```
=MAX(0,B2-$E$1)/4
```

चारने भाग यासाठी, की एक किलोवॅट पंधरा मिनिटं म्हणजे पाव युनिट. दिवसाची बेरीज घेतली की टेकडीचा रेघेवरचा भाग कापायला किती युनिट लागतात ते समजतं. मग मी रेघ एकेक पायरी खाली सरकवत गेले.

रेघ ४४० वर ठेवली तर १६ किलोवॅट कापले जातात आणि लागतात फक्त सव्वादहा युनिट. ४३० वर २६ किलोवॅट, साडेतेवीस युनिट. ४२० वर ३६ किलोवॅट, साडेचाळीस युनिट. ४१० वर ४६ किलोवॅट, पण आता ६३ युनिट. ४०० वर ५६ किलोवॅट आणि ९२ युनिट.

या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले होते. टेकडी खाली रुंद होत जाते, त्यामुळे प्रत्येक पुढचे दहा किलोवॅट आधीच्या दहापेक्षा महाग पडतात. पहिल्या १६ किलोवॅटसाठी किलोवॅटमागे साधारण पाऊण युनिटही लागत नाही. शेवटच्या दहासाठी जवळपास तीन युनिट लागतात. डिमांड चार्ज मात्र प्रत्येक किलोवॅटला सारखाच वाचतो. म्हणजे बॅटरी कुठे थांबवायची याचं उत्तर असं मिळतं: पुढच्या दहा किलोवॅटची बचत त्यांना लागणाऱ्या जादा युनिटांची किंमत बॅटरीच्या आयुष्यात फेडते का? आमच्याकडे ४२० पर्यंत ती आरामात फेडत होती. ४१० ला जेमतेम फेडत होती आणि ४०० ला नाही. पुरवठादाराच्या ३८६ वर तर अगदी नवी बॅटरीही कशीबशी पुरली असती, काही वर्षांनी तीही नाही.

रेघ ४२० ठरली. पण साडेचाळीस युनिट म्हणजे साडेचाळीस युनिटची बॅटरी नव्हे. इन्व्हर्टरमधून बाहेर येताना काही वीज गळते. आमच्या यंत्राचा हिशोब ९४ टक्क्यांचा होता, म्हणून ४३. दिवस अंदाजापेक्षा गरम निघाला तर म्हणून वीस टक्के वाढवले, झाले साधारण ५२. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या आमच्या बॅटरीची वापरता येण्याजोगी मर्यादा ९० टक्के होती, म्हणून ५७. आणि आयुष्याच्या शेवटी तिची क्षमता ८० टक्क्यांवर आलेली असेल, तेव्हाही काम व्हायला हवं, म्हणून ७२. मोड्यूल जसे मिळतात तशी ७५ युनिटची बॅटरी घेतली. प्रस्तावातल्या बॅटरीपेक्षा ती निम्म्याहून लहान होती.

किलोवॅटच्या बाजूला एक बारीक गोष्ट माझ्याकडून सुटता सुटता राहिली. कापायचे ३६ किलोवॅट, तर ४० किलोवॅटचा इन्व्हर्टर पुरेल असं मी लिहून टाकलं होतं. पण ३६ ही पंधरा मिनिटांची सरासरी आहे. लोड अचानक चढला आणि बॅटरी चालू-बंद करणारा नियंत्रक जागा व्हायला पाच मिनिटं लागली, तर राहिलेल्या दहा मिनिटांत पूर्ण भरपाई करावी लागते: ३६ गुणिले १५, भागिले १०, म्हणजे ५४ किलोवॅट. म्हणून ६० किलोवॅटचा इन्व्हर्टर घेतला. त्याबरोबर लगेच दुसरा प्रश्न आला. अनेक बॅटऱ्या दोन तासांत रिकाम्या होण्यासाठी बनवलेल्या असतात, म्हणजे ७५ युनिटची बॅटरी साडेसदतीस किलोवॅटच देणार. तशा बॅटरीतून ६० किलोवॅट हवे तर १२० युनिट घ्यावे लागले असते. आम्ही तासाभरात रिकामी होऊ शकणारी जात मागितली. विकत घेताना युनिटचा आकडा सगळे विचारतात. पण ती बॅटरी किती वेगाने रिकामी होऊ शकते हे लेखी घ्यायला हवं.

बसवल्यावर चाचणीच्या दिवशीच एक चांगला धडा मिळाला. दुपारची टेकडी उतरली, लोड ४२० च्या खाली आला आणि नियंत्रकाने लगेच ३० किलोवॅटने बॅटरी भरायला सुरुवात केली. पाच वाजता इमारतीचा स्वतःचा लोड ४०४ होता. त्यात भरण्याचे ३० मिळून मीटरवर ४३४ दिसायला लागले. जी डिमांड दुपारभर अडवली ती आमचीच बॅटरी संध्याकाळी उभी करत होती. काकांनी ते आधी पाहिलं आणि फोन केला, "मॅडम, हे उलटं चाललंय." पंधरा मिनिटं पूर्ण व्हायच्या आत आम्ही भरणं बंद केलं. तेव्हापासून बॅटरी रात्री दहानंतर भरते, तीही १० किलोवॅटने. शिवाय इमारतीचा लोड आणि भरण्याचा लोड मिळून रेघेपासून वीस किलोवॅट खालीच राहतील अशी अट नियंत्रकात आहे.

त्याच आठवड्यात घड्याळाची चूकही सापडली. नियंत्रकाचं घड्याळ वीज कंपनीच्या मीटरच्या चार मिनिटं पुढे होतं. मीटरची पंधरा मिनिटं आणि आमची पंधरा मिनिटं वेगळी पडत होती. आमच्या पडद्यावर सरासरी ४१९ दिसायची आणि मीटरवर ४२६ छापलं जायचं. नियंत्रकाला मीटरकडूनच नवी पंधरा मिनिटं सुरू झाल्याचा पल्स दिला आणि हा फरक गेला.

यानंतर जे झालं त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

पहिल्या गरमीत, बॅटरी चालू होऊन सहा आठवडे झाले होते. मधल्या काळात रिकामा असलेला एक मजला भाड्याने गेला. त्या मजल्याचे एसी, संगणक, दिवे मिळून इमारतीचा लोड दिवसभर साधारण १५ किलोवॅटने वाढला. मला हे माहीत होतं. पण मागच्या वर्षाच्या फाइलला माहीत नव्हतं, आणि रेघ त्या फाइलवरून ठरली होती. मी ती बदलली नाही. वीस टक्क्यांची जागा ठेवली आहे, भागेल, असं मनाशी धरून चालले.

त्या दुपारी सव्वादोनला बॅटरी सुरू झाली, नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी. सव्वातीनला इमारतीचा लोड ४६४ होता, साडेतीनला ४७१. पडद्यावर मीटरची रेघ अगदी सपाट दिसत होती, ४२०, ४२०, ४२०. ती सपाट रेघ पाहून मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या बॅटरीच्या आकड्याकडे मी लक्षच दिलं नाही. सव्वाचारला बॅटरी संपली. पुढच्या पंधरा मिनिटांत मीटरवर ४५० छापलं गेलं.

त्या संध्याकाळी मी हिशोब पुन्हा मांडला. ४२० च्या रेघेवर त्या दिवशी पावणेसत्त्याहत्तर युनिट लागले असते. नव्या बॅटरीत प्रत्यक्ष देता येण्याजोगे साडेत्रेसष्ट होते. सव्वाचारपर्यंत ते अगदी शेवटच्या थेंबापर्यंत संपले. आता तीच दुपार ४३० च्या रेघेने मोजली तर सव्वाएक्कावन्न युनिट लागतात. म्हणजे बॅटरीत बारा युनिट शिल्लक राहिले असते आणि डिमांड ४३० वर थांबली असती. ४७१ मधून ४१ किलोवॅट वाचले असते. मी ५१ मागितले म्हणून २१ मिळाले.

बॅटरी कमी पडते तेव्हा ती थोडीशी कमी पडत नाही. तेरा युनिट कमी पडले म्हणून तीस किलोवॅट हातचे गेले. सगळी दुपार अडवलेली असते आणि सुटलेल्या एका पाव तासाचाच आकडा बिलावर जातो. वर ते कलम होतंच. ४५० चे ८० टक्के ३६०. थंडीत आमची खरी डिमांड ३४५ असणार होती, तरी पुढचे ११ महिने किमान ३६० भरणं आलं. ती दुपार ४३० वर थांबली असती तर ३४४ आले असते, म्हणजे कलमाचा अडथळाच उरला नसता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. मी दर पंधरा मिनिटांची शिल्लक परत तपासली. सव्वातीनला सव्वापंचेचाळीस युनिट शिल्लक होते. त्या क्षणी रेघ ४३० वर नेली असती तर पुढे पावणेबेचाळीस लागले असते, म्हणजे निभावलं असतं. साडेतीनलाही निभावलं असतं: शिल्लक सव्वाचौतीस, गरज सव्वातेहतीस. पावणेचारला मात्र नाही, तेव्हा हातात साडेएकवीस आणि गरज २३ ची. म्हणजे साडेतीनपर्यंत एक पाऊल मागे घ्यायला वाव होता. ते पाऊल घ्यायला नियंत्रकाला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी सपाट रेघ पाहत बसले होते.

आता आमची रेघ एका जागी खिळलेली नसते. सकाळी त्या दिवसाच्या तापमानाचा अंदाज आणि चालू लोड पाहून आदल्या दिवसांतला सर्वांत जवळचा दिवस निवडला जातो. त्या दिवसाच्या टेकडीला बॅटरीच्या वापरता येण्याजोग्या युनिटांपैकी ८० टक्के पुरतील अशी रेघ धरली जाते. दुपारी दर पंधरा मिनिटांनी शिल्लक आणि पुढची अपेक्षित गरज यांची तुलना होते, आणि शिल्लक कमी पडणार असं दिसलं की रेघ दोन-तीन किलोवॅटने वर सरकते. खाली मात्र कधीच येत नाही. महिन्यात एकदा एखादा आकडा छापला गेला की त्या महिन्यात त्याच्या खाली अडवण्यात बॅटरी झिजवायची नाही, रेघ तिथेच न्यायची.

पुरवठादाराचा तंत्रज्ञ म्हणाला होता की सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं. करतं, पण ते चालू करायला सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. आमच्याकडे ती केलेली नव्हती आणि ती असते हे आम्हाला सांगितलेलं नव्हतं. बसवून घेताना "बॅटरी संपत आली तर रेघ काय करते?" हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर यंत्रावर करून दाखवायला सांगा. आम्ही नंतर तशी चाचणी केली: बॅटरी मुद्दाम अर्धी भरून दुपार सुरू केली आणि रेघ कशी सरकते ते पाहिलं.

बॅटरीच्या झिजेबद्दल साहेबांना काळजी होती. आमच्यासारख्या वापरात वर्षाला खरे चढ-उतार थोडे होतात, कारण कडक दुपारी मोजक्याच असतात. झिजते ती जास्त करून पूर्ण भरलेल्या अवस्थेत, गरम खोलीत पडून राहिल्याने. म्हणून थंडीच्या महिन्यांत आम्ही तिला साठ टक्क्यांवर ठेवतो आणि खोलीतली हवा वर्षभर थंड ठेवतो. त्या थंडाव्याची वीजही आमच्याच डिमांडमध्ये मोजली जाते. दोन किलोवॅट, पण मोजली जाते.

दुसऱ्या गरमीत मी सगळा हिशोब नव्याने केला, वाढलेल्या मजल्यासकट. रेघ ४३२ वरून सुरू करायची ठरली. सर्वांत कडक दुपारी काका आणि मी पॅनेल रूममध्येच होतो. इमारतीचा लोड ४७३ ला गेला. सव्वातीनला रेघ एकदा ४३४ वर सरकली आणि पुढे तिथेच राहिली. पाचला लोड उतरला. काकांनी मीटरचं बटण दाबून त्या महिन्याची मॅक्सिमम डिमांड काढली. ४३४. बॅटरीत ११ युनिट शिल्लक होते.